ड्रॉवर लावला की नेट जातंय! सांगलीतल्या एका घरातला किस्सा, लाल LOS लाईटवाल्यांनी बघाच

नमस्कार मंडळी, आज व्हिडिओ जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. कमेंटमध्ये गेले दोन महिने एकच प्रश्न येतोय, 'दादा डबीवर LOS चा लाल लाईट लुकलुकतोय, राउटर बदलू का?' रोज दोन-तीन तरी. मी प्रत्येकाला टाईप करून कंटाळलो, म्हणून परवाच विश्रामबागच्या बाजूला एका घरी जे झालं तेच सांगतो, तुमचं उत्तर त्यातच आहे.

बेसिक पटकन उरकतो, ते सगळ्यांना माहीत असतं. घरात जी बारीक केबल येते ती फायबर, आत काचेचा तंतू, तिच्यात करंट नाही, उजेड असतो. ती ज्या डबीत जाते ती ओएनटी, लोक तिलाच राउटर म्हणतात, म्हणू देत. उजेड पुरेसा पोचला नाही की LOS लाल. झालं बेसिक.

तर घर असं, काका रिटायर्ड, काकू, मुलगा-सून दोघं नोकरीवाले, सूनबाईंचं घरूनच काम. त्यांच्या ऑफिसात रोज संध्याकाळी साडेसातला मीटिंग, आणि नेमकं सातला नेट गचके खायला लागायचं. रोज. महिना झाला होता या प्रकाराला. ऑफिसातनं त्यांना सांगितलेलं की असंच चाललं तर ऑफिसला येऊन बसा, आणि ऑफिस पुण्यात. म्हणजे मी गेलो तेव्हा घरात नेटचं टेन्शन नव्हतंच, सूनबाई आता पुण्याला जाणार का, लहान नातवाला कोण बघणार, असलं सगळं चाललेलं. काकू दारातच म्हणाल्या, "पोरा, काय लागेल ते लागू दे, पण आज झालंच पाहिजे बघ."

आता माझ्या आधी काय काय झालेलं ते ऐका. नवीन वायफाय राउटर आणून लावला, अठराशे रुपये गेले. डबीचा अडॅप्टर बदलला. कंपनीचा पोरगा दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळेला मीटर लावून 'सिग्नल एक नंबर आहे' म्हणून गेला, दुसऱ्या वेळेला डबीपण बदलली. काकांचं मत असं की सातला गल्लीतली सगळी पोरं गेम खेळायला बसतात म्हणून आपलं नेट पळतं. पण गर्दीनं नेट स्लो होईल ओ, LOS कसा लागेल? शेजारच्यांनी शंभर पिक्चर लावले तरी तुमच्या काचेतला उजेड कमी होत नाही. फोनवर कंपनीची मॅडमपण 'लोड आहे सर' म्हणाली म्हणे. जाऊ दे.

आता मी काय गाढवपणा केला ते सांगतो, कारण आजचा व्हिडिओ त्याच्यावरच आहे. डबी टीव्हीच्या कॅबिनेटमागे भिंतीला. हात पोचेना. मी म्हटलं कॅबिनेट पुढं ओढू. जड होतं, म्हणून खालचे ड्रॉवर काढून बाजूला ठेवले, मी आणि त्यांच्या मुलानं ओढलं, डबीतनं फायबर काढून उजेड मोजायच्या पॉवर मीटरला लावली. मीटर १४९० वर, कारण कंपनीकडनं आपल्याकडं येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा असतो. रीडिंग आलं उणे २०.९ डीबीएम. आता हे चांगलं रीडिंग आहे. या डब्या साधारण उणे २७-२८ पर्यंत तग धरतात, त्याच्या खाली गेलं की गचके. म्हणजे माझ्याकडं सहा-सात डीबी शिल्लक होते. मी पण तेच म्हणणार होतो बघा, 'काका सिग्नल एक नंबर आहे.' अगदी जिभेवर आलेलं.

तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "आधीचे दादापण हेच म्हणाले आणि ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी सातला परत गेलं." मग माझी ट्यूब पेटली, की तिन्ही वेळेला, म्हणजे त्या पोरानं दोनदा आणि मी एकदा, कॅबिनेट हलवून मग मोजलं. फॉल्ट कॅबिनेटमागे असेल तर कॅबिनेट हलवल्यावर तो आहे कुठं? पंचनाम्याच्या आधी आपणच जागा झाडून घेतली!

मग मी विचारलं, काकू, सातला घरात काय होतं? काकू म्हणाल्या, काय होणार, दिवा लावते. आणि दिव्याचं सामान कुठं असतं? वाती, उदबत्ती, काडेपेटी, सगळं टीव्हीखालच्या त्या ड्रॉवरमध्ये! सामान काढायचं आणि ड्रॉवर आतपर्यंत ढकलून बंद करायचा, कारण नातू काडेपेटीला हात लावतो. सकाळी काका गाडीची किल्ली काढतात त्यातनंच, आणि काका ड्रॉवर पूर्ण कधीच लावत नाहीत, यावरनं त्या घरात वीस वर्षं भांडण आहे. म्हणून सकाळी नेट ओके, संध्याकाळी बोंब.

आता करायची पद्धत सांगतो, हेच नीट ऐका. सगळं होतं तसं परत लावलं, कॅबिनेट भिंतीला, ड्रॉवर आत. आणि मीटर नाही लावला. मोबाईल वायफायला जोडला, ब्राउझरला टाकलं

```
192.168.1.1
```

नेट बंद असलं तरी हे पान उघडतं बरं का, कारण मोबाईल ते डबी हा रस्ता घरातलाच आहे. काही डब्यांना पत्ता वेगळा असतो, तो आणि लॉगिन डबीच्या खालच्या स्टिकरवर बघा, काही कंपन्या लॉक करतात, मग त्यांनाच विचारा. तिथं ऑप्टिकल माहितीत `Rx Power` असं लिहिलेलं असतं, म्हणजे डबीला किती उजेड पोचतोय ते. ड्रॉवर उघडा, उणे २१. काकूंना म्हटलं, रोज लावता तस्सा लावा. काकूंनी ढकलला, पान रिफ्रेश केलं, उणे २९.६. LOS लुकलुकायला लागला. परत उघडा, उणे २१. घरातले सगळे मोबाईलवर डोकं घालून बघतायत, काका तर टाळ्या वाजवायला लागले, कारण ड्रॉवर अर्धा ठेवायची त्यांची सवय बरोबर निघाली!

साडेआठ डीबी म्हणजे किती ते सांगतो. दर तीन डीबीला उजेड निम्मा. तीनला निम्मा, सहाला पाव, नऊला एक अष्टमांश. म्हणजे काकूंनी ड्रॉवर लावला की आठातला साधारण एक भाग उजेड डबीला पोचायचा, बाकीचा केबलच्या वळणातनं बाहेर.

मागे बॅटरी मारून बघितलं तर पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे डबीला लावायची शेवटची छोटी फायबर, जास्तीची होती, ती कोणीतरी गुंडाळून कॅबिनेटच्या मागच्या भोकातनं आत सोडलेली, आणि तिचा लोंबता वेढा बरोबर ड्रॉवर आणि मागच्या प्लायच्या मध्ये. ड्रॉवर लावला की वेढ्याची घडी.

इथं एक कमेंट आठवली, मागच्या व्हिडिओला एक भाऊ म्हणाले, 'केबल वाकली तर वाकली, मिक्सरची वायर पण वाकते, मिक्सर चालतोच की.' भाऊ, मिक्सरच्या वायरीत तांबं आहे. ही काच आहे, केसापेक्षा थोडी जाड. उजेड आतल्या आत आपटत पुढं जातो तो कोन एका मर्यादेत आहे तोपर्यंतच, वळण लहान झालं की उजेड सरळ बाहेर पडतो. तुटायची गरजच नाही. साध्या फायबरचा वेढा छोट्या वाटीपेक्षा लहान करू नका, म्हणजे साधारण सहा सेंटीमीटर. वाकायला चालते अशी फायबर येते, ती एक रुपयाच्या नाण्याएवढ्या वेढ्यापर्यंत सोसते, पण घडी तीपण सोसत नाही. आणि वेढ्याला रबरबँड लावू नका. दूधपिशवीचा तर अजिबात नको, मी एका घरी बघितलाय.

खात्री करायला दोन्ही टोकं काढली, पेनासारखा लाल लेझर असतो आमच्याकडं, तो एका टोकाला लावला, खोलीतला लाईट घालवला. घडीच्या जागी पिवळ्या कव्हरमधनं लाल ठिपका चमकला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, निखारा." काळ्या जाड केबलमध्ये हा ठिपका दिसत नाही, तिथं रीडिंगवरच जावं लागतं. आणि कृपा करून, चालू केबलचं टोक डोळ्याला लावून 'उजेड येतोय का' बघू नका, चार जणांनी कमेंटला लिहिलंय की आम्ही बघितलं, काही दिसलं नाही. दिसणारच नाही! १४९० चा उजेड डोळ्याला दिसतच नाही, आणि न दिसणारा लेझर डोळ्यात घेऊ नये.

पॅचकॉर्ड सरळ केली असती तर नेट चाललंच असतं, पण महिनाभर रोज घडी पडलेली काच मी ठेवत नाही. नवीन आखूड लावली, दीडशे-दोनशेची वस्तू, दोन्ही टोकं हिरव्या रंगाचीच, निळी हिरव्यात घुसवू नका. घुसते, पण काचेचं तोंड तिरपं-सरळ असल्यानं नीट टेकत नाही. केबल कॅबिनेटच्या बाहेरनं भिंतीला लावली. ड्रॉवर लावून उणे २०.७, उघडून उणे २०.७.

तर राउटर बदलू का विचारणाऱ्यांनो, आधी एवढंच करा. कॅबिनेट, सोफा, पलंग काहीही हलवायच्या आधी, लाल लाईट लागलेला असतानाच, मोबाईलवर ते रीडिंग बघा आणि फोटो काढा. टेक्निशियन आला की त्यालाही सांगा, दादा आधी हे बघा, मग ओढा. तो वैतागेल. वैतागू दे. मोजून झाल्यावर हलवायचं, हलवून झाल्यावर पहिल्यांदा मोजायचं नाही. हलवायच्या आधी आणि नंतर, रीडिंग दोन्ही वेळेला खराबच आलं तर फॉल्ट बहुतेक कॅबिनेटमागे नाही, खांबावर किंवा बाहेरच्या जोडात असेल, तिथं तुम्ही चढू नका, कंपनीला बोलवा.

सूनबाईंची त्या दिवशीची मीटिंग झाली, मी तिथंच भडंग खात बसलेलो, काकूंनी सोडलंच नाही. पैसे विचारले तेव्हा केबलचे आणि व्हिजिटचे सांगितले, तर काका म्हणाले, अठराशेच्या राउटरचं काय करू? बॉक्स असेल तर दुकानदाराला विचारून बघा म्हटलं. बॉक्स रद्दीत गेला होता.

काल काकूंचा फोन आला, मी घाबरलो, म्हटलं परत गेलं काय. नाही म्हणाल्या, नेट चालू आहे, पण आता हे ड्रॉवर लावतच नाहीत, म्हणतात टेक्निशियननं सांगितलंय उघडा ठेवा. मी असं काही बोललेलो नाही, व्हिडिओत सांगून ठेवतो. काका, ड्रॉवर लावा.