वास्कोतून निघताना: एका मराठी मंडळीचा निरोप

[दृश्य: वास्को शहर, रविवारची सकाळ. बंदराच्या क्रेन दिसतात. चर्चच्या पायऱ्यांवर चपला, छत्र्या.]

वास्कोतली ही मराठी मंडळी. बंदर, रेल्वे, नोकरीधंदा यांच्या निमित्ताने बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडून आलेली घरं इथे एकत्र येऊन उपासना करतात. आज यातलं एक कुटुंब निरोप घेतंय. आई नर्स आहे, तिला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली आहे. वडील मुरगाव बंदरात होते, त्यांनी काम सोडलंय. दोन मुलं आहेत, थोरली दहावी झालेली, धाकटा दुसरीत. हे चौघे जाणार. आजी इथेच राहणार.

[दृश्य: घरातली बैठकीची खोली. अर्धवट भरलेल्या बॅगा.]

निरोपाची खरी तयारी आठवडाभर आधी या घरात झाली. पाळकसाहेब आले होते. आशीर्वाद मागायचा तर कशासाठी मागायचा, हे घरात बसून विचारल्याशिवाय कळत नाही. तसं न विचारता केलेली प्रार्थना प्रवास सुखाचा होवो, नोकरीत यश मिळो, यापुढे सरकत नाही. ती कुणालाही लागू पडते, म्हणूनच ऐकणाऱ्याला आपली वाटत नाही.

थोरलीने सांगितलं, नव्या शाळेत एकटी पडेन. धाकट्याला एवढंच हवं होतं की आजीला रोज फोन लागावा. आजी मात्र म्हणाली, "माझ्यासाठी काही मागू नका. पोरांनी तिथं उपासना चुकवू नये, एवढं सांगा त्यांना." मग चहा आला, बोलणं भलतीकडे वळलं आणि कप खाली ठेवताना ती आपणहून म्हणाली, "रात्रीची भीती वाटते हो."

पाळकसाहेबांनी विचारलं, "आई, हे मंडळीसमोर बोलू का?"

"भीती म्हणू नका. एकटी आहे म्हणा."

या भेटीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच, असं मला वाटतं. जाणाऱ्यांसाठी प्रार्थना सगळेच करतात. मागे राहणाऱ्यांचं नाव त्या प्रार्थनेत घ्यायला मात्र हटकून विसरतात.

[दृश्य: चर्चचं कार्यालय. उघडलेलं सभासद रजिस्टर, त्यावर पाळकांचा हात.]

दुसरं काम कागदाचं. चौघांचे बाप्तिस्म्याचे दाखले निघाले. थोरलीचं दृढीकरण गेल्या वर्षी झालं, त्याची नोंद तपासली. आणि एक पत्र तयार झालं: हे आमच्या मंडळीचे सभासद आहेत, प्रभुभोजनात भाग घेतात, यांना आपल्यात सामावून घ्या. अशी पत्रं मंडळ्यांइतकीच जुनी आहेत. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल फीबी नावाच्या बहिणीसाठी नेमकं हेच लिहितो की तिचा स्वीकार करा, तिला लागेल ती मदत करा.

पत्र कुटुंबाच्या हाती देतात, शिवाय त्याची प्रत थेट तिथल्या पाळकांना पाठवतात. कारण हातातलं पत्र बॅगेत राहून जातं. घर शोधायचं, शाळा शोधायची, ड्युट्या सुरू होतात. मग सहा महिने गेल्यावर त्या दारात शिरायला संकोच वाटू लागतो. इथल्या रजिस्टरात नाव असतं, पण माणूस नसतो, आणि तिथे माणूस असतो, पण नाव नसतं. मुलांच्या धार्मिक शिक्षणाची, पुढे लग्नाची वेळ आली की ही अडचण उघडी पडते. म्हणून या मंडळीची रीत अशी की तिकडून "स्वीकार केला" असं उत्तर येईपर्यंत इथलं नाव काढायचं नाही.

[दृश्य: रविवारची उपासना. हार्मोनियम, तबला. गीत संपतं.]

निरोपाचा विधी उपदेशानंतर, मंडळीच्या प्रार्थनेच्या वेळी ठेवलाय. शेवटच्या आशीर्वचनानंतर ठेवला असता, तर तोवर लोक उठलेले असतात, फोटो सुरू होतात, कुणाला घरी जेवणाची घाई असते. शाल आणि पुष्पगुच्छ आहेत, पण ते उपासनेनंतर, बाहेर मांडवात. सत्कार आणि आशीर्वाद एकत्र केले, की भाषणं लांबतात आणि प्रार्थनेला दोन मिनिटं उरतात.

आधी शास्त्रवाचन होतं, प्रेषितांची कृत्ये, 21वा अध्याय. पौल सोर शहरात सात दिवस राहिला. निघताना तिथले विश्वासी बायकामुलांसह त्याला शहराबाहेर पोचवायला आले, सगळ्यांनी समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली, मग तो जहाजात चढला आणि ते घरी परतले. बायणेच्या किनाऱ्याला रोज पाहणाऱ्यांना हे वाचन समजावून सांगावं लागत नाही.

एक वचन इथे मुद्दाम टाळलंय. उत्पत्तीच्या 31व्या अध्यायातलं: आपण एकमेकांच्या दृष्टीआड झालो म्हणजे परमेश्वर आपल्या दोघांवर पहारा ठेवो. निरोपाच्या कार्डांवर ते सर्रास छापतात. पण ते बोलतो लाबान, याकोबाला. दोघांचा एकमेकांवर विश्वास उरलेला नाही, मध्ये दगडांची रास रचून हद्द आखली आहे, आणि पहारा मागितलाय तो दुसऱ्याने दगा देऊ नये म्हणून. प्रेमाने पाठवणी करताना हे वचन शोभत नाही. त्याऐवजी 121वं स्तोत्र वाचतात, जाणं आणि येणं दोन्ही राखणाऱ्या परमेश्वराचं.

[दृश्य: कुटुंब पुढे येतं. कॅमेरा हातांवर.]

चौघे गुडघे टेकतात. पाळकांचे हात आईवडिलांच्या डोक्यावर, मागे पंच उभे. धाकट्यासाठी पाळक स्वतः खाली बसतात, म्हणजे हात वरून पडत नाही. थोरलीच्या खांद्यावर शब्बाथशाळेतल्या तिच्या मैत्रिणींचे हात आहेत. आणि आजीला बाकावर एकटं ठेवलेलं नाही. ती चौघांच्या शेजारी खुर्चीवर आहे, महिला मंडळाच्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंना.

प्रार्थनेत प्रत्येकाचं नाव येतं, प्रत्येकाने मागितलेलं येतं. "आमची ही आई आता घरात एकटी आहे, प्रभू, आम्हाला तिच्या दारात पाठव." विनंती देवाला आहे, पण ती ऐकून महिला मंडळाने वार वाटून घेतलेत. रोज रात्री जेवणानंतर कुणीतरी आजीकडे चक्कर मारणार.

मग गणनाच्या 6व्या अध्यायातलं आशीर्वचन, सगळ्या मंडळीने उभं राहून: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो." शेवटी "तुला शांती देवो" आणि आमेन. मोशेच्या काळी याजकांना नेमून दिलेले हे शब्द आहेत. पाळक त्यांत स्वतःची भर घालत नाहीत.

[दृश्य: वडील हार्मोनियमच्या पेटीची किल्ली एका तरुणाला देतात.]

वडील इतकी वर्षं हार्मोनियम वाजवत होते. ती किल्ली आज मंडळीसमोर दुसऱ्याच्या हाती गेली. आई शब्बाथशाळेत शिकवायची, तिचं हजेरीपुस्तक दुसऱ्या शिक्षिकेने घेतलं. जबाबदाऱ्या अशा उघड सोपवल्या, की जाणाऱ्याच्या मनावर ओझं राहत नाही आणि पुढच्या रविवारी कुणी गोंधळत नाही.

[दृश्य: मांडवात जेवण. आजी नातवाला फोन कसा लावायचा ते दाखवायला सांगते.]

इथली उपासना सकाळी नऊला सुरू होते, तेव्हा आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. त्यामुळे व्हिडिओवरून इथल्याच उपासनेला बसू, हा बेत कुटुंबाने सोडून दिलाय. तिथे घराजवळ एक प्रेस्बिटेरियन मंडळी आहे, तिच्या पाळकांना पत्राची प्रत मिळाली आहे, आणि पोचल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी न्यायला येतो, असं त्यांनी कळवलंय. तिथली अकराची उपासना आटोपली, की इथे संध्याकाळ होत आलेली असते. धाकट्याचा आजीला फोन त्याच वेळी करायचा ठरलाय.