लाल गोळीत नसलेलं जीवनसत्त्व

सहाव्या महिन्यातली एक ताई माझ्याकडे आली. माहेरी-सासरी शाकाहार, आणि तिनं स्वतः दोन वर्षांपासून दूध-दहीही सोडलेलं. हिमोग्लोबिन 9.6 होतं. दोन महिने सरकारी लाल गोळी न चुकता घेतल्यावर 9.8. घरच्यांनी पालक, बीट, खजूर सगळं करून पाहिलं होतं. मी विचारलं, "पायाला मुंग्या येतात का?" म्हणाली, "रात्री येतात. पोटाच्या भारानं असेल म्हणून बोलले नाही."

त्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-बारा नसतं. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात, बी-बारा कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असली की सरासरी मधोमध येते आणि रिपोर्टमध्ये पेशींचा आकार अगदी नेहमीसारखा दिसतो. त्यातच फॉलिक ॲसिडमुळे रक्त थोडंफार सुधारतं, पण नसांची हानी चालूच राहते. म्हणून बी-बाराची वेगळी तपासणी केली. ते 120 निघालं. 200 च्या खाली कमी समजतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, नंतर रोजची गोळी. महिन्याभरात हिमोग्लोबिन 10.8 झालं.

हे फक्त दूध सोडणाऱ्यांपुरतं नाही बरं का. पुण्याजवळच्या खेड्यांत 1990 च्या दशकात गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-बारा कमी होतं. रोज अर्धा लिटर दूध प्यायलं तर गरज कशीबशी भागते. चहातल्या दुधानं ती भागत नाही. मोड आलेली कडधान्यं, इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना यांच्यावर तर मुळीच विसंबू नका. स्पिरुलिनातला पदार्थ बी-बारासारखा दिसतो, पण शरीराला उपयोगी पडत नाही.

लोहाची गोळी ती ताई चहाबरोबर घ्यायची, आणि कॅल्शियमची तिच्याच जोडीला. दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही. आम्ही लोह दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर ठेवलं, कॅल्शियम रात्री, आणि चहा तासाभरानं.

प्रथिनांचं गणित त्यामानानं सोपं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत रोज साधारण 22 ग्रॅम जास्त लागतात. पातळ वरणाच्या वाटीनं ते होणार नाही. तिला 30 ग्रॅम सुके सोयाचंक्स भाजीत आणि मूठभर, म्हणजे तेवढेच, शेंगदाणे सांगितले. तेवढ्यात भागलं.

बी-बाराची गोळी मात्र बाळंतपणानंतरही, अंगावर पाजत असेपर्यंत चालू ठेवायची. आईच्या दुधात ते कमी असलं तर काही महिन्यांचं बाळ मलूल होतं, हसेनासं होतं, सावरलेली मान पुन्हा टाकतं. असं दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि आई काय खाते तेही आपणहून सांगा.