न भेटलेल्या माणसांचं राष्ट्र : सोलापूर, मे १९३०

मित्रहो, ५ मे १९३० ला, मध्यरात्र उलटल्यावर, दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात पोहोचली, हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यांतल्या बहुतेकांनी गुजरात कधी पाहिला नव्हता. कराडी कुठे आहे, हे कुणाला सांगता आलं नसतं. तरी 'आपला माणूस धरला' असं त्यांना वाटलं. हे 'आपला' कुठून आलं, एवढ्याच प्रश्नाबद्दल मी आज बोलणार आहे.

इंडोनेशियाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये याचं एक उत्तर मांडलं. राष्ट्र हा कल्पिलेला समाज आहे, असं ते म्हणतात. छोट्यातल्या छोट्या राष्ट्रातसुद्धा माणसाला आपल्या बहुतेक देशबांधवांची उभ्या जन्मात गाठ पडत नाही, आणि तरीही ते सगळे आपल्यासोबत आहेत ही जाणीव त्याच्या मनात असते. कल्पिलेला म्हणजे खोटा, असा अर्थ कृपा करून काढू नका. या कल्पनेसाठी माणसं जीव देतात. ती घडते कशी, एवढंच अँडरसनना शोधायचं होतं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते छापखान्यावर.

वर्तमानपत्राचं पहिलं पान डोळ्यांसमोर आणा. मुंबईतला खटला, बंगालमधला पूर, विलायतेतलं भाषण, शेजारी कापसाचा भाव. या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? त्या एका पानावर आल्या, कारण वर तारीख एकच आहे. 'हे सगळं आपल्या जगात एकाच वेळी चाललं आहे' असं ती तारीख वाचकाला सांगते. दुसरी गोष्ट अशी की दुसऱ्या दिवशी ते पान शिळं होतं. म्हणजे आज मी वाचतोय तेच अगणित अनोळखी माणसं आजच वाचत असणार, हे वाचकाला ठाऊक असतं. सकाळच्या प्रार्थनेची जागा वर्तमानपत्राने घेतली, या जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या उद्गाराची अँडरसन इथे आठवण करून देतात. प्रार्थना ज्याची त्याची, पण सगळ्यांची वेळ एक.

आता ही मांडणी आपल्या गावावर घासून बघू, कारण सोलापूर तिला सहजासहजी पास करत नाही. अँडरसन यांच्या सिद्धांतात छापील भाषेला फार महत्त्व आहे. बोली वेगवेगळ्या असलेली माणसं एका छापील भाषेत वाचू लागतात आणि एक होतात, असा त्यांचा क्रम. सोलापुरात मात्र घरोघरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. शिवाय १९३१ च्या जनगणनेत देशात शंभरात दहा माणसंसुद्धा साक्षर नव्हती. मग छापलेल्या कागदाने इथे जोडलं कुणाला?

याचं उत्तर मला दोन ठिकाणी सापडतं. एक म्हणजे वर्तमानपत्र तेव्हा मोठ्याने वाचलं जायचं. एकजण वाचणार, बाकीचे ऐकणार, आणि ऐकणारा घरी जाऊन आपल्या भाषेत सांगणार. छापाचा परिणाम साक्षरांच्या संख्येवर मोजला की हिशोब चुकतो तो इथे. दुसरं ठिकाण म्हणजे तार. असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियासारख्या संस्थेकडून निघालेला तारेचा एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांच्या संपादकांच्या टेबलावर पडायचा. प्रत्येकाने तो आपल्या भाषेत उतरवला, मथळा आपापला दिला, पण घटना तीच आणि तारीखही जवळपास तीच. चार भाषांच्या सोलापूरला सांधणारा धागा भाषेचा नव्हता, तो एकाच वेळी कळण्याचा होता. अँडरसन यांच्या मांडणीत मी इथल्यापुरती ही दुरुस्ती सुचवतो.

माझ्या मते यातला सर्वात बोलका भाग पुढे आहे. देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. ते वाचून सोलापूरकरांनी काय करावं? इथे ना समुद्र, ना मिठागर. लोकांनी शिंदीची झाडं तोडायला घेतली. शिंदीवर सरकारचं अबकारी उत्पन्न होतं, म्हणजे मिठासारखाच हाही सरकारच्या तिजोरीशी जोडलेला विषय. न पाहिलेल्या किनाऱ्यावरच्या माणसांबरोबर आपणही तेच करतो आहोत, ही भावना त्या कुऱ्हाडीमागे होती. ८ मे रोजी शिंदीच्या झाडांवरूनच पोलीस आणि जमाव समोरासमोर आले आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. त्यानंतर काही दिवस गावात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला.

त्या काळातली बंदीची यादी बघा. राष्ट्रीय झेंडा नको, गांधी टोपीही नको. अनोळखी माणसांना एकमेकांची ओळख पटवून देणाऱ्या खुणा कोणत्या, हे लष्कराला अचूक कळलं होतं. छापखान्याचं तर त्याआधीच ओळखलं होतं. एप्रिलच्या शेवटी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला, जामिनाच्या रकमा मागितल्या जाऊ लागल्या आणि अनेक पत्रं बंद पडली. तेव्हा सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं हातोहात फिरू लागली.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' हे पत्र चालवत. ही चार नावं एका ओळीत ठेवून वाचा. जात, धर्म, घरची भाषा, सगळं निराळं. दूरच्या वाचकाला या चौघांबद्दल फार काही माहीत नसेल, पण बातमीतल्या त्या एका ओळीने त्याला सांगितलं की सोलापूर हे असं गाव आहे आणि हा देश असा असू शकतो.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. राजकीय विचारवंत पार्थ चटर्जी यांनी अँडरसनना विचारलं की राष्ट्राचा साचा युरोप-अमेरिकेत आधीच घडलेला असेल, तर आम्ही कल्पायला उरलं काय? सोलापुरातही गिरणी कामगार काही केवळ बातमी ऐकून बाहेर पडला नाही. मजुरी, पाळ्या आणि मुकादम यांचा त्याचा स्वतःचा राग होता. वर्तमानपत्राने त्या रागाला मोठा पत्ता दिला, राग निर्माण केला नाही. छापाला याहून जास्त श्रेय मी देणार नाही.

शेवटी आजच्याबद्दल. मोबाइलवरही अनोळखी माणसं एकाच वेळी तेच पाहतात, तेव्हा यंत्रणा तीच आहे. पण फॉरवर्ड होताना व्हिडिओवरची तारीख गळते. दुसऱ्या राज्यातली, काही वर्षांपूर्वीची मारहाण 'आज सकाळी आपल्याकडे' म्हणून फिरते, आणि न घडलेल्या घटनेभोवती खरी माणसं 'आपण' आणि 'ते' अशी वाटली जातात. छापील पत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांची एक ओळ असते : कुणी छापलं, कुणी प्रसिद्ध केलं, कुठे छापलं. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली. सरकारला जबाबदार माणूस हाताशी हवा होता म्हणून ती आली, तरी तिच्यामुळे वाचकालाही जाब विचारायला एक पत्ता मिळाला. फॉरवर्डवर तारीखही नसते आणि ती ओळही नसते. निदान या दोन गोष्टी कुठे सापडतात का, ते आधी शोधा. नाही सापडल्या, तर तो मजकूर पुढे पाठवू नका.