हिरवी टिक आणि तिरपी रेघ

नमस्कार श्रोतेहो. जून-जुलै आले की नागपुरात घरोघरी दाखल्यांची फाइल निघते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा, अधिवासाचा, नॉन-क्रीमीलेअर. या कागदांवर आता एक चौकोनी काळा-पांढरा ठसा असतो, क्यूआर कोड. तो मोबाइलनं स्कॅन केला, पडद्यावर हिरवी टिक आली की आपण निश्चिंत होतो. पण ती टिक आपल्याला कोण दाखवतंय? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एकच गोष्ट लक्षात घ्या. साध्या क्यूआर कोडमध्ये फक्त मजकूर असतो, आणि बहुतेक वेळा तो मजकूर म्हणजे एखाद्या वेबसाइटचा पत्ता. असा कोड कुणीही, कुठल्याही मोबाइलवर, फुकट तयार करू शकतो. म्हणजे ज्यानं खोटा दाखला छापला, तोच त्यावर खोटा कोड छापतो, आणि तो कोड त्याच्याच खोट्या वेबसाइटवर नेतो. चोरानंच साक्ष द्यायची, असा हा प्रकार.

आता आमच्या महाल भागातली गोष्ट सांगतो. शेजारच्या काकूंच्या मुलीला पॉलिटेक्निकला प्रवेश घ्यायचा होता. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि कागदपत्रं तपासून घ्यायची तारीख जवळ आली होती. कुणीतरी एका माणसाचं नाव सुचवलं. दोन दिवसांत दाखला, सातशे रुपये. काकूंनी पैसे दिले. दाखला आलाही. वर राजमुद्रा, खाली तहसीलदारांची सही छापलेली, कोपऱ्यात क्यूआर कोड, आणि वरून चकचकीत लॅमिनेशन. घेताना काकूंनी त्याला विचारलं, "खरा आहे ना जी?" तो म्हणाला, "काकू, तुम्हीच स्कॅन करून पाहा ना." मुलीनं तिथंच स्कॅन केलं. राजमुद्रेचं पान उघडलं, काकांचं नाव, वार्षिक उत्पन्न, दाखल्याचा क्रमांक, आणि भली मोठी हिरवी टिक. "प्रमाणपत्र वैध आहे."

लॅमिनेशनवरून एक सांगून टाकतो. दाखले लॅमिनेट करू नका हो! प्लास्टिकवर उजेड चमकतो आणि कोड नीट वाचला जात नाही. कागदावर खाडाखोड आहे का, कोडावर दुसरी चिकटपट्टी लावली आहे का, हे बोट फिरवून कळतं, तेही कळेनासं होतं. साधं पारदर्शक पाकीट पुरतं. आपल्याकडे मार्कशीटपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये गाडायची जी सवय लागली आहे, ती मला अजिबात पटत नाही.

असो. काकू आणि मुलगी कॉलेजात गेल्या, मीही सोबत होतो. खिडकीवरच्या मॅडमनी दाखला हातात घेतला आणि त्यांनी कोड स्कॅनच केला नाही. स्वतःच्या संगणकावर स्वतः पत्ता टाईप करून आपले सरकारची साइट उघडली, aaplesarkar.mahaonline.gov.in. तिथं प्रमाणपत्र पडताळणीची सोय आहे, त्यात कागदावरचा क्रमांक टाकला. नोंद नाही. पुन्हा एक-एक आकडा वाचून टाकला. नोंद नाही.

काकू घाबरल्या. "काहून जी मॅडम, आमच्या मोबाइलवर तर हिरवी टिक आली ना!" बाई शांत होत्या. म्हणाल्या, "काकू, मुलीला पुन्हा स्कॅन करू द्या. पण या वेळी पान उघडायच्या आधी पत्ता वाचू." मुलीनं दिसलेली लिंक कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवली, म्हणजे छोट्या पडद्यावर अर्धवट न दिसता पूर्ण दिसेल. सुरुवात अगदी बरोबर होती. aaplesarkar, टिंब, mahaonline, टिंब, gov, टिंब, in. काकू म्हणाल्या, "पाहा, सरकारचंच आहे." पण in च्या पुढे तिरपी रेघ नव्हती. तिथं आणखी एक टिंब होतं, त्यापुढे दाखला-तपासणीसारखं एक नाव, आणि शेवटी .online. तो पत्ता मी इथं पूर्ण सांगत नाही, कारण ऐकता ऐकता कुणीतरी तो टाईप करून बघेल.

श्रोतेहो, सगळी मेख इथंच आहे, म्हणून सावकाश सांगतो. वेबसाइटचा पत्ता https:// नं सुरू होतो. त्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथं बोट ठेवा. रेघ नसेल तर पत्ता जिथं संपतो तिथं. आता डावीकडे उलटं वाचा. रेघेला चिकटून जे शेवटचे शब्द आहेत, तोच खरा मालक. पाकिटावरचा पत्ता पोस्टमन खालून वाचतो ना, आधी गाव, मग गल्ली? "सीताबर्डी वस्त्रभांडार, इंदूर" असं लिहिलं असेल तर पाकीट इंदूरलाच जाणार, सीताबर्डीला नाही. तसंच इथं. रेघेच्या लगेच आधी gov.in असेल, तर जागा सरकारी. gov.in मध्येच कुठं तरी असेल आणि पुढे टिंब देऊन दुसरं नाव असेल, तर मालक तो दुसरा.

पुन्हा सांगतो. पहिली एकटी तिरपी रेघ शोधा, आणि तिच्या डावीकडचे शेवटचे शब्द वाचा.

टिंब आणि आडवी रेघ यांतही गल्लत करू नका. gov.in हा शेवट केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेकडून फक्त सरकारी संस्थांना मिळतो. पण gov-in, मध्ये आडवी रेघ, हे नुसती अक्षरं झाली. ती कुणीही विकत घेऊन त्यापुढे .com लावू शकतो.

आता खिडकीवर पुढे काय झालं ते ऐका. त्या पत्त्यात रेघेच्या पुढे काकांचं नाव, उत्पन्नाची रक्कम आणि क्रमांक, हे सगळं उघड लिहिलेलं होतं. बाई मुलीला म्हणाल्या, "ही रक्कम खोड आणि नुसता नऊ लिही." मुलीनं छ्याण्णव हजारांच्या जागी नऊ रुपये केले आणि पान उघडलं. हिरवी टिक! वार्षिक उत्पन्न नऊ रुपये, प्रमाणपत्र वैध आहे. काकू मटकन बाकावर बसल्या. त्या साइटकडे कसलीही नोंदवही नव्हती. पत्त्यात जे लिहिलं तेच ती पानावर छापत होती आणि बाजूला टिक काढत होती.

मुलगी हुशार. तिनं पानावरची बाकीची बटणं दाबून पाहिली. "आमच्याविषयी", "तक्रार", "संपर्क" दाबलं की खरी सरकारी साइट उघडायची! हीसुद्धा त्यांची चलाखी. आजूबाजूच्या लिंका खऱ्या ठेवायच्या, म्हणजे मधलं खोटं पान खपून जातं. पत्त्याजवळ कुलपाचं चिन्हही होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. साइट कुणाची आहे, प्रामाणिक आहे का, हे कुलूप सांगत नाही. ते फुकट मिळतं, ठगालाही मिळतं.

मात्र नऊ रुपयांची ती युक्ती पडताळणीची पद्धत म्हणून धरू नका. जास्त तयारीचा ठग खरीखुरी यादी ठेवतो, आकडा बदलला की "नोंद नाही" असं व्यवस्थित दाखवतो. म्हणून भरवसा एकाच गोष्टीवर ठेवायचा, जी त्या बाईंनी सगळ्यात आधी केली. कागदावरून फक्त क्रमांक घ्यायचा. साइटचा पत्ता कागदावरून घ्यायचा नाही, तो स्वतः टाईप करायचा. क्रमांक कागदावरचा, पत्ता आपला.

नोंद सापडली तरी लगेच कागद मिटू नका. पडद्यावरचं नाव, तारीख, रक्कम कागदाशी ताडून पाहा. कारण दुसऱ्याच्या खऱ्या दाखल्याचा क्रमांक आणि कोड उचलून आपल्या खोट्या दाखल्यावर लावणारेही आहेत. तिथं साइट खरी, टिक खरी, पण पडद्यावरचं नाव भलत्याचंच.

एक अडचणही सांगितली पाहिजे. सगळ्याच खऱ्या संस्था gov.in वर नसतात. विद्यापीठं बहुधा ac.in वर असतात, आपल्या नागपूर विद्यापीठाचा पत्ता nagpuruniversity.ac.in असा आहे. आणि दहावी-बारावीच्या राज्य मंडळाची साइट तर कित्येक वर्षं mahahsscboard.in या साध्या .in वर होती. साधं .in कुणीही विकत घेतो. माझं स्पष्ट मत आहे, की ज्या मंडळाची गुणपत्रिका लाखो मुलांच्या हातात जाते त्यानं असा पत्ता कधीच वापरायला नको होता. अशा वेळी पत्ता संस्थेच्या जुन्या पत्रावरून किंवा कार्यालयात फोन करून घ्या. फोन नंबरही त्या संशयित दाखल्यावरचा नको.

आधार कार्डाचा कोड मात्र वेगळा. त्यात लिंक नसते, माहितीच असते, आणि तिच्यावर आधार देणाऱ्या यूआयडीएआयची डिजिटल सही असते. साध्या कॅमेऱ्यात आकड्यांची लांबलचक रांग दिसते. तो आधारच्याच अधिकृत ॲपनं तपासायचा. आधारचा कोड स्कॅन केल्यावर एखादी वेबसाइट उघडली, तर ते कार्डच संशयास्पद समजा.

स्कॅनसाठी मोबाइलचा स्वतःचा कॅमेरा पुरे, वेगळं ॲप घेऊ नका. आणि दाखला तपासताना पान ओटीपी मागू लागलं, आधार क्रमांक मागू लागलं, दहा-वीस रुपये पडताळणी शुल्क मागू लागलं, किंवा एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल उतरवायला सांगू लागलं, तर तिथंच बंद करा. दाखल्याचा क्रमांक पुरतो. बाकी मागणाऱ्याला दाखल्याशी नाही, तुमच्या खात्याशी काम आहे.

काकूंनी तो दाखला जमा केला नाही, आणि ते बरंच झालं. खोटा कागद माहीत असून सरकारी कामात दिला, तर देणाराही गुन्ह्यात अडकतो. त्यांनी सेवा केंद्रात रीतसर अर्ज केला, पावती घेतली. कॉलेजनं पावतीवर मुदत दिली. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळावी यासाठी महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, उशीर झाला तर अपील करता येतं. मधल्या माणसाला सातशे रुपये द्यायची गरजच नव्हती.

असा कागद तुमच्या हाती आलाच तर फाडू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट पूर्ण पत्त्यासकट काढा, लिंक नोट्समध्ये जपा, पैसे दिल्याचा यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. पैसे खात्यातून गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करा. तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. तो पत्ताही टाईप करताना बघून घ्या, in च्या पुढे टिंब येता कामा नये.