चौदा गोण्यांचा वाफा

(दृश्य: पुण्यातल्या सोसायटीचं आवार, फेब्रुवारीतली सकाळ. झाडू. वर्षावृक्षाच्या बारीक, पिवळ्या पानांचे ढीग.)

ही पानं रोज सकाळी झाडली जातात. दहा वाजेपर्यंत भिंतीकडेला ढीग होतो. मग काडी.

(दृश्य: धूर. कॅमेरा वर, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीकडे.)

वर गच्चीत काकांनी विटांचा वाफा रचलाय. सिमेंट नाही, नुसत्या एकावर एक विटा, तीन थर. हातात कागद आहे आणि कागदावर हिशोब: आठ गुणिले चार गुणिले एक, बत्तीस घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर, म्हणजे सगळे मिळून 906 लिटर. कंपोस्टच्या गोण्या चौदा.

काकू टेप घेऊन खाली बसल्यात. "अहो, तुम्ही विटासुद्धा भरणार आहात का?"

(दृश्य: टेपचा क्लोजअप. विटेच्या आतल्या कडेला काकूंचं बोट.)

काकांनी माप बाहेरून घेतलं होतं. वीट चार इंच रुंद, दोन्ही बाजूंची मिळून आठ इंच गेले. आतून लांबी भरते सात फूट चार इंच आणि रुंदी तीन फूट चार इंच. बत्तीस चौरस फुटांचे साडेचोवीस झाले. उंचीचंही तेच. तीन विटा म्हणजे नऊ इंच, फूट नव्हे. आता खरी जागा उरते सव्वाअठरा घनफूट, साधारण 520 लिटर. नुसती टेप आतून धरली आणि उंची मोजली, तर जवळजवळ निम्मा हिशोब उतरला.

पण दुकानात कंपोस्ट लिटरवर मिळत नाही. गोणीवर छापलेलं असतं: 40 किलो. वाफ्याला वजन कळत नाही, त्याला जागा कळते.

(दृश्य: रंगाची रिकामी बादली. लिटरच्या मापाने पाणी ओतणं. विसाव्या लिटरला खडूची रेघ. रद्दीवाल्याकडून मागून आणलेला काटा.)

काकूंची युक्ती साधी आहे. वीस लिटरच्या खुणेपर्यंत कंपोस्ट भरायचं, दाबायचं नाही, आणि काट्याला लटकवायचं. बादलीचं वजन वजा जाता आलं बारा किलो. म्हणजे एका लिटरला सहाशे ग्रॅम, आणि चाळीस किलोच्या गोणीत सहासष्ट लिटर. 520 लिटरला आठ गोण्या.

दुसरी गोणी नर्सरीबाहेर उघड्यावर पडलेली. मूठभर घेऊन दाबलं की बोटांतून पाणी येतं. तीच बादली, तीच खूण, वजन सोळा किलो. ह्या गोणीत पन्नासच लिटर. अशाच गोण्या आल्या, तर आठच्या अकरा लागतील, आणि तीन गोण्यांचे पैसे पाण्याचे. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी एक गोणी आणून मोजावी.

(दृश्य: जिन्यातून वर येणारी पोती. सोसायटीतली मुलं पोती उलटी करतात. अनवाणी पाय पानं तुडवतायत.)

आणि आठ तरी कशाला? खालच्या ढिगातली दहा पोती पानं वर आली. पोत्यात साधारण शंभर लिटर मावतात, म्हणजे हजार लिटर सुटी पानं. पाणी मारून तुडवली की तिसरा हिस्सा उरतो. वाफ्यात जवळजवळ सहा इंच. वर्षावृक्षाचं पान बारीक, लवकर कुजतं. आंब्याचं पान चिवट, त्याला वेळ द्यावा लागतो. पानांच्या थरांमध्ये शेणकाला शिंपडायचा, नाहीतर कुजताना पानं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.

(दृश्य: झारीतून शेणकाला. मग गोणी उसवते, काळं कंपोस्ट पानांवर पसरतं.)

वर उरले तीन इंच. 173 लिटर. तीन गोण्यांत काम झालं, वर थोडं उरलंसुद्धा.

गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरून बांधतात. नऊ इंच ओली माती त्याच्या दुपटीहून जास्त भरते, तेव्हा मातीचा वाफा करायचा तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

(दृश्य: विटेच्या आतल्या बाजूला काकू खडूने रेघ मारतात. काका मेथी फेकतात.)

ही रेघ भरलेल्या दिवसाची.

(दृश्य: सहा आठवड्यांनंतर. तीच वीट, तीच रेघ. कंपोस्ट तीन बोटं खाली.)

पानं बसली. मेथी एकदा खुडून झाली आहे. काका चौथी गोणी खांद्यावर घेऊन जिना चढतायत आणि काकू खालून विचारतायत, "कोरडी बघून आणलीत ना?"