ग्लासवरचा थर की झिजलेली काच? आडव्या ग्लासाची चाचणी

(दोन ग्लास हातात घेऊन, काळ्या कापडासमोर)

नमस्कार. हे दोन्ही ग्लास एकाच संचातले आहेत. हा कपाटातच राहिला आणि हा वर्षभर डिशवॉशरमध्ये धुतला गेला. दुसरा धुरकट झाला आहे, आणि तो पुन्हा स्वच्छ होईल की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. कारण धुरकटपणा दोन अगदी वेगळ्या गोष्टींमुळे येतो: एकात काचेवर काहीतरी बसलेले असते, तर दुसऱ्यात काचेतूनच काहीतरी निघून गेलेले असते.

ग्लास ओला केल्यावर स्वच्छ दिसला तर काच झिजली आहे, असे अनेकजण सांगतात, पण या खुणेवर विसंबू नये. पाणी काचेवरचे बारीक खळगे भरून काढते आणि त्यामुळे प्रकाश विखुरणे कमी होते हे खरे असले, तरी क्षारांचा पातळ थरही ओला असताना तसाच दिसेनासा होतो.

(पसरट भांडे पुढे घेऊन)

त्याऐवजी हे करावे. पसरट भांड्यात साधे पांढरे व्हिनेगर घेऊन ग्लास आडवा ठेवावा, म्हणजे काठापासून तळापर्यंत त्याची एकच बाजू आतून आणि बाहेरून भिजेल. ती बाजू लक्षात ठेवून पंधरा मिनिटांनी ग्लास धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि काळ्या कापडासमोर धरून बाजूने दिव्याचा प्रकाश टाकावा. भिजलेली बाजू लख्ख आणि कोरडी बाजू धुरकट राहिली, तर जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसला होता आणि आम्लात तो विरघळला, असे समजावे. दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या, तर मात्र लगेच निकाल देऊ नये. तेलकट किंवा प्रथिनांचा थर व्हिनेगरला दाद देत नाही. म्हणून तीच बाजू कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तितकाच वेळ भिजवावी. त्यानंतरही फरक पडला नाही, तर काच झिजल्याची शक्यता सर्वांत जास्त. (सिलिकेटचा कडक थर व्हिनेगर आणि सोडा दोघांनाही पुरून उरतो, पण घरात तो क्वचितच आढळतो.)

माझ्या या ग्लासाचा निकाल मिश्र निघाला. भिजलेली बाजू बरीच उजळली, तरी काठाखाली एक पुसट कडे राहिले आणि तिरपे धरल्यावर त्यात निळसर-जांभळी झाक दिसते. असे कडे किंवा रेषा, आणि तेलाच्या तवंगासारखी रंगीत झाक, ही झीज सुरू झाल्याची ओळखण्याजोगी खूण आहे. म्हणजे या ग्लासावर दोन्ही दोष होते. थर निघाला, कडे जाणार नाही.

(कॅमेऱ्याकडे)

झीज का होते? साध्या काचेत वाळूतील सिलिकाच्या जाळ्यात सोडियम आणि कॅल्शियम अडकलेले असतात. गरम पाणी आधी त्यातील सोडियम बाहेर ओढते, आणि डिटर्जंटचे तीव्र अल्कधर्मी द्रावण पुढे जाळेही हळूहळू विरघळवते. डिटर्जंटमध्ये पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवणारे घटकही असतात. पाणी फार मृदू असले तर त्यांना तिथे पुरेसे कॅल्शियम मिळत नाही आणि ते काचेवर हल्ला करतात. म्हणूनच जड पाण्यात थर बसतो, फार मृदू पाण्यात काच झिजते, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो.

माझ्याकडे नेमके तसेच झाले. थर दिसला म्हणून मी यंत्रातील सॉफ्टनर सर्वांत वरच्या पातळीवर नेला आणि डिटर्जंटही वाढवले. थर कमी झाला, पण कडे उमटले. आधी चाचणीपट्टीने पाण्याचा जडपणा मोजून, यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे सॉफ्टनर लावायला हवा होता. तसेच ठराविक मात्रेच्या गोळीपेक्षा पावडर सोयीची, कारण पाणी मृदू असेल तर तिची मात्रा कमी करता येते.

उष्णतेचा परिणामही मोठा असतो. काचेसाठी असलेला, साधारण ४० ते ५० अंशांचा छोटा कार्यक्रम निवडावा आणि तो संपताच दार उघडावे, कारण बंद यंत्रातील गरम वाफ धुणे संपल्यावरही काचेवर काम करत राहते. भांडी आधी घासून अगदी चकचकीत करून आत ठेवण्याचीही गरज नाही: खरकट्यावर खर्च व्हायचे डिटर्जंट मग काचेवरच राहते. मोठे कण काढले की पुरे. काचेला संरक्षण देणारे, जस्ताचे क्षार असलेले डिटर्जंट मिळत असेल तर तेही वापरून पाहावे. त्याने झीज मंदावते, झालेली भरून मात्र येत नाही.

(कपाटातला ग्लास उचलून)

हा ग्लास मी मुद्दाम यंत्राबाहेर ठेवणार आहे. दर वीस धुण्यांनंतर दुसरा याच्या शेजारी, याच कापडासमोर धरीन. कड्याची रुंदी वाढली तर सॉफ्टनर आणखी एक पातळी खाली.