अडीच महिन्यांत सोडलेल्या गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एक रिक्षाचालक माझ्या ओपीडीत आला. वय तिशीच्या आतलं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात त्याचा ताप गेला, खोकला थांबला, अंगावर मांस आलं. अडीच महिन्यांनी त्यानं गोळ्या सोडून दिल्या. “मॅडम, काही होतच नव्हतं, मग कशाला खायच्या?” असं त्यानं मला विचारलं. पुढे चार महिन्यांनी खोकला परत आला, तेव्हा घरात उरलेल्या गोळ्या त्यानं आठवडाभर घेतल्या. जरा बरं वाटलं, पुन्हा सोडल्या. असं दोनदा झालं. या काळात त्याच्या फुफ्फुसात काय चाललं होतं, तेच आज सांगते.

टीबीनं फुफ्फुसात पोकळी पडते आणि त्या पोकळीत सहज १० कोटी जंतू असू शकतात. जंतूची वाढ होताना प्रत्येक वेळी त्याच्या जनुकांची नक्कल होते आणि नकलेत कधीतरी एखादं अक्षर चुकतं. अशा चुकांमुळे साधारण दहा लाखांत एक जंतू असा निघतो, की आयसोनियाझिड हे औषध त्याला लागू पडत नाही. रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू दहा कोटींत एखादाच. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच त्या पोकळीत आयसोनियाझिडला दाद न देणारे शंभरेक जंतू बसलेले असतात. औषध त्यांना घडवत नाही. ते बाकीच्यांना मारतं आणि यांना रान मोकळं करून देतं.

म्हणून तर टीबीला एकच औषध देत नाहीत. दोन्ही औषधांतून एकाच वेळी सुटणारा जंतू निघायला शंभर लाख कोटी जंतू लागतील, आणि तेवढे कोणाच्याच छातीत नसतात. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, हा हिशेब त्यातूनच आला आहे.

मग बरं वाटल्यावरही चार महिने कशाला? झपाट्यानं वाढणारे जंतू सुरुवातीलाच मरतात, त्यामुळे ताप उतरतो. पण काही जंतू जवळजवळ झोपल्यासारखे पडून असतात. त्यांच्यात बदल झालेला नसतो, ते फक्त वाढत नसतात, आणि न वाढणाऱ्या जंतूवर औषध फार सावकाश चालतं. त्यांना संपवायला ते उरलेले महिने लागतात. अडीच महिन्यांवर थांबलं, की हेच जागे होतात आणि पुन्हा कोट्यवधी होतात.

आता त्या आठवडाभराच्या गोळ्यांचं बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढत्या जंतूंना सगळ्यात झपाट्यानं मारतं ते आयसोनियाझिड. त्यामुळे थोडेच दिवस घेऊन सोडलेल्या गोळ्यांनी साधे जंतू मरतात, पण आयसोनियाझिडला न जुमानणारे बरेचसे मागे राहतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. शंभराचे कोट्यवधी झाले, की त्यांच्यातच कधीतरी रिफाम्पिसिनला हरवणारा एक निघतो. ज्या यंत्रणेनं जंतू आपल्या जनुकांचा निरोप वाचतो, तिची वाट रिफाम्पिसिन अडवतं, बोळा अडकून मोरी तुंबावी तसं. एका अक्षराच्या बदलानं त्या मोरीचा आकार बदलतो आणि बोळा अडकतच नाही. पुढच्या वेळी गोळ्या घेतल्या, की हाच जंतू उरतो.

या रुग्णाची थुंकी आम्ही सीबीनॅट तपासणीला पाठवली. हे मशीन नेमका तोच बदल शोधतं आणि साधारण दोन तासांत निकाल देतं. रिफाम्पिसिन त्याला लागू पडणार नाही, असा निकाल आला.

गोळ्यांनी मळमळत असेल तर मनानं बंद करू नका, आम्हाला सांगा. लघवी केशरी-लाल होते ती रिफाम्पिसिनच्या रंगामुळे, त्याची भीती नको. मात्र डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इथे एक खुलासा करते. टीबीचा हा हिशेब प्रत्येक आजाराला लागू होत नाही. साध्या न्यूमोनियाला पुष्कळदा पाच दिवसांचं औषध पुरतं आणि ते उगाच लांबवलं, तर आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंमध्येही औषधाला न जुमानणारे वाढतात. डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले असतील तर पाच, सहा महिने लिहिले असतील तर सहा महिने. सर्दीला अँटिबायोटिक लागतच नाही.

त्या रिक्षाचालकाच्या घरी बायको आहे, चार वर्षांचा मुलगा आहे. एका खोलीत तिघं झोपतात. खोकल्यातून जो जंतू बाहेर पडतो, तो आता बदललेलाच असतो. मुलाला लागण झाली, तर त्यानं आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नसताना नेहमीची औषधं त्याच्यावर पहिल्या दिवसापासून निकामी ठरतील. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या दोघांना तपासणीला बोलावलं.